कंपनीला तोंडानं "दोन महिने" सांगून बसलो, करार म्हणतो तीन. आता तारीख कशी कळवू?

टाचणी | ९ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं परदेशात काढून घरच्या शहरात परत जायचं आमचं नक्की झालंय. तिथल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीशी तीन फेऱ्या झाल्या. शेवटची २८ मेला. बोलणं संपता संपता एचआरच्या बाईंनी सहज विचारलं, "मग रुजू कधी होऊ शकाल?" आणि मी आनंदाच्या भरात म्हणून गेलो, "साधारण दोन महिन्यांत." त्याआधी त्यांच्या फॉर्ममध्येही "नोटीस पीरियड (दिवस)" या रकान्यात ६० भरून मोकळा झालो होतो.

काल रात्री माझा इथला करार कपाटातून काढून पहिल्यांदा नीट वाचला. नोटीस तीन महिन्यांची आहे, आणि खाली एक ओळ आहे की ती "महिन्याच्या शेवटच्या दिवशीच संपेल". म्हणजे मधल्या कुठल्या तारखेला राजीनामा दिला तरी तो महिना फुकट, पुढचे तीन मोजायचे. शिवाय राजीनामा कागदावर, हाताच्या सहीचा. ईमेल चालत नाही, आणि कागद त्यांच्या हातात पडेल तो दिवस धरतात.

उद्या कंपनीला मेल टाकायचाय. जाईल तो इंग्रजीतच, पण मजकूर इथे आपल्या भाषेत टाकतो. बघा जरा:

"आपल्याशी बोलून फार आनंद झाला. परतण्याबाबत थोडी अधिक माहिती देत आहे. माझी नोटीस तीन महिन्यांची आहे, मात्र साहेबांशी बोलून ती कमी होण्याची शक्यता आहे. घराचा भाडेकरार संपवायचा आहे, त्यालाही तीन महिने लागतात. मुलीचं शैक्षणिक वर्ष मध्येच येतं, त्यामुळे कुटुंब कदाचित नंतर येईल. सामान जहाजानं येणार असल्यानं दोन-अडीच महिने जातील. हे सगळं पाहता सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान मी उपलब्ध होऊ शकेन असं वाटतं. तारखेबाबत मी लवचिक आहे."

बायकोचं म्हणणं, हा मेल वाचून मीच तुला नोकरी देणार नाही. काय चुकतंय?

---

सुसाट | १० जून, सकाळी ७:०५

एवढं काय त्यात? नोटीस विकत घेता येते. तीन महिन्यांतले दोन महिने पगार भरून मोकळे व्हा, किंवा नव्या कंपनीला भरायला सांगा. मी दोनदा केलंय. आणि शिल्लक रजा असेल ना? रजेवर असतानाच नव्या कंपनीचं काम घरून सुरू करा, कुणाला कळतंय. मेलमध्ये बिनधास्त "६० दिवस" ठेवा, पुढचं पुढे.

---

बंब्या | १० जून, सकाळी ८:३०

जहाजाच्या सामानाबद्दल अनुभव सांगतो. आम्ही अख्खा कंटेनर न घेता दुसऱ्यांच्या सामानात वाटून घेतला होता. स्वस्त पडतं, पण कंटेनर भरेपर्यंत आपलं सामान गोदामात बसून राहतं. आमचे एकोणतीस खोके होते. यादीत प्रत्येक खोक्यात काय ते लिहावं लागतं, "किरकोळ" लिहिलं की बंदरावर उघडून बघतात. आणि मुलांची सायकल नेऊ नका, तोवर लहान होते.

---

टाचणी | १० जून, सकाळी ९:१५

बंब्या, धन्यवाद, सायकलीचं लक्षात ठेवतो. पण प्रश्न कंपनीला काय कळवायचं हा आहे.

सुसाट, माझ्या करारात नोटीस विकत घ्यायचं कलमच नाही. शिल्लक रजा मात्र आहे, चौदा कामाचे दिवस.

---

गवाक्ष | १० जून, दुपारी १:२०

भरती हेच माझं रोजचं काम, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगते.

तुमचा मेल ज्या बाईंना जाईल त्या तो पूर्ण पुढे पाठवणार नाहीत. त्यातली एक ओळ उचलून विभागप्रमुखाला सांगतील. तुमच्या मेलमधून कुठली ओळ उचलायची सांगा? "सप्टेंबर ते नोव्हेंबर, असं वाटतं." विभागप्रमुख त्याचा अर्थ नोव्हेंबर घेतो आणि "वाटतं" या शब्दावर थांबतो. परदेशातून येणाऱ्यांपैकी काही जण ऐन वेळी "घरी विचार बदलला" म्हणून माघार घेतात, हे त्यानं पाहिलेलं असतं. तारीख लांब आहे याची त्याला तेवढी भीती नसते. तारीखच नाही याची असते.

"मी लवचिक आहे" हे उमेदवाराला नम्र वाटतं. आमच्याकडे त्याचा उपयोग शून्य, कारण तुम्ही लवचिक नाही आहात. तुमचा करार तुम्हाला महिनाअखेरीला बांधून ठेवतोय.

दुसरं म्हणजे फॉर्मातले ६०. मेलमध्ये काहीही लिहा, आमच्या पडद्यावर तुमच्या नावापुढे ६० हाच आकडा दिसत राहतो आणि ऑफरपत्रावरची रुजू होण्याची तारीख बऱ्याचदा त्यावरूनच भरली जाते. तो रकाना अंकच घेतो, खुलासा घेत नाही. त्यामुळे तो दुरुस्त करा असं मेलमध्ये स्पष्ट सांगा.

---

सुसाट | १० जून, दुपारी १:५०

म्हणजे स्वतःहून सांगायचं की मी चुकीचं बोललो? दोनाचे चार महिने झाले की ऑफर जाते, लिहून घ्या.

---

मोगरा९ | १० जून, दुपारी ३:००

माझी गेली होती, पण चार महिन्यांमुळे नाही. मी "दोन महिने" सांगितलं, ऑफर आली, सही केली, आणि मग कळवलं की चार लागतील. त्यांनी माझ्या तारखेवर दुसऱ्या शहरातल्या टीमचं काम लावून ठेवलं होतं. फोनवर त्या माणसाचं एकच वाक्य होतं, "तुम्हाला हे सहीच्या आधी माहीत होतं का?" माहीत होतं. दोन आठवडे आधीपासून. फक्त सांगायला जीव होत नव्हता.

---

जुनाखडू | १० जून, सायंकाळी ६:४५

मी स्वतः परत आलेला आहे आणि नंतर पंधराएक परतणाऱ्यांना नोकरीवर घेतलंय. मोगराताईंनी सांगितलं तेच खरं दुखणं. ऑफरच्या आधीची दुरुस्ती ही माहिती असते. सहीनंतर तीच शब्द फिरवणं होते.

टाचणीराव, तुमच्या मेलमध्ये चार घड्याळं एकदम टिकटिकताहेत: नोटीस, घर, शाळा आणि जहाज. यातलं एकच घड्याळ कंपनीचं आहे. घराचा करार संपेना का, तुम्ही एक महिना जादा भाडं भरून विमानात बसू शकता. सामान बंदरावर असेल तर चटईवर झोपाल. मुलगी आणि तिची आई नंतर येतील. यातल्या कशानंही तुमची खुर्चीत बसायची तारीख हलत नाही. ती फक्त नोटिशीनं हलते. तेव्हा बाकी तिन्ही मेलमधून काढा.

आता नोटिशीचा हिशेब कागदावर मांडू. आज १० जून. ३० जूनला, मंगळवारी, तुमचा कागद त्यांच्या हातात पडला तर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, शेवटचा दिवस ३० सप्टेंबर. कागद १ जुलैला पडला तर शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर. एका दिवसानं अख्खा महिना जातो. तुमच्या गोष्टीत खरी तारीख ३० जून आहे आणि ती तुमच्या मेलमध्ये कुठेच नाही.

त्यामुळे "मी कधी येईन" हे सांगताना "तुम्ही कधी पत्र द्याल" त्याला बांधून सांगा. आजपासून मोजू नका. आजपासून मोजलं की त्यांच्या मंजुरीत गेलेला प्रत्येक दिवस तुमच्या खात्यावर पडतो, आणि ऑगस्टमध्ये पत्र पाठवूनही ते तुमच्याकडे ऑक्टोबरच मागतात.

---

टाचणी | १० जून, रात्री १०:३०

खडूकाका, हे डोक्यातच आलं नव्हतं. मग चौदा दिवस रजेचं काय? शेवटी घेतली तर लवकर रुजू होता येईल ना?

---

जुनाखडू | १० जून, रात्री ११:१०

नाही, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. ३० सप्टेंबरपासून मागे चौदा कामाचे दिवस मोजा, शनिवार-रविवार सोडून. ११ सप्टेंबरपासून रजा सुरू होते, म्हणजे ऑफिसातला शेवटचा दिवस गुरुवार १० सप्टेंबर. लॅपटॉप, ओळखपत्र त्या दिवशी परत. पण नोकरी ३० तारखेपर्यंत चालूच आहे. पगार येतोय, तुम्ही त्यांचे आहात. त्या काळात दुसरीकडे काम करणं बहुतेक करारांत लेखी परवानगीशिवाय चालत नाही.

सुसाट म्हणतात तसं गुपचूप घरून सुरू केलंत तर पगाराच्या नोंदी दोन्हीकडे एकाच महिन्याच्या होतात, आणि नंतरच्या कुठल्याही पडताळणीत त्या शेजारी शेजारी दिसतात. वर तुम्ही अजून परदेशात बसून इकडच्या कंपनीचं काम केलंत तर कर कुठल्या देशात भरायचा, तिथला परवाना त्या कामाला चालतो का, हे प्रश्न कंपनीच्या गळ्यात पडतात. बऱ्याच कंपन्यांचा विधी विभाग एवढ्यावरूनच नाही म्हणतो.

रजेचा उपयोग वेगळा आहे. त्या वीस दिवसांत घर रिकामं करा, विमान पकडा, घरी येऊन झोपेची घडी बसवा. मग ३० सप्टेंबरला नोकरी संपली की पुढच्या सोमवारी, ५ ऑक्टोबरला, ताजेतवाने रुजू व्हा. रजा नसती तर हे सगळं ऑक्टोबरात करावं लागलं असतं आणि तारीख आणखी दोन-तीन आठवडे पुढे गेली असती.

---

सुसाट | ११ जून, सकाळी ७:२०

१ ऑक्टोबर गुरुवार आहे. दोन दिवस आधी का नाही? आणि नोटीस कमी करून घ्यायचा प्रयत्न तरी करू दे की माणसाला. कलम नसलं तरी साहेब मानला तर सगळं होतं.

---

गवाक्ष | ११ जून, सकाळी १०:००

पहिल्याचं उत्तर साधं आहे. जुन्या कंपनीचं कार्यमुक्तीचं पत्र शेवटचा दिवस उलटल्यावर मिळतं आणि आम्ही रुजू करून घेताना ते मागतो. दोन दिवसांचं अंतर दोघांच्याही सोयीचं. शिवाय आमच्याकडे नवे लोक सोमवारीच घेतात.

दुसऱ्यात तुमचं अर्धं बरोबर आहे. दोघांच्या संमतीनं करार आधी संपवता येतो, कलम नसलं तरी. पण ते बोलणं राजीनामा दिल्यावरच होऊ शकतं, आणि होकार साहेबांच्या हातात आहे. ज्या गोष्टीचं बोलणं अजून सुरूच झालं नाही ती मेलमध्ये "शक्यता" म्हणून लिहिली की आमच्याकडे ती आश्वासन म्हणून नोंदली जाते. त्यामुळे ओळ काढा. जमलंच तर ऑगस्टमध्ये "तीन आठवडे आधी येऊ शकतो" असं कळवा. त्या मेलला कुणी नाही म्हणत नाही.

---

मोगरा९ | ११ जून, सकाळी ११:४५

आणि कुटुंब नंतर येणार हे लिहूच नये का? मला उलट वाटतं लिहावं. नाहीतर डिसेंबरात "मला पंधरा दिवस परत जायचंय, घर आवरायचंय" म्हणालं की भुवया उंचावतात.

---

जुनाखडू | ११ जून, दुपारी १२:३०

मी लिहिणार नाही. माणूस एकटा आलाय आणि कुटुंब तिकडे आहे हे वाचलं की समोरच्याच्या डोक्यात "हा परत जाईल" हाच विचार येतो. ऑफर झाल्यावर रजेचं बोलावं.

---

गवाक्ष | ११ जून, दुपारी १:१५

मी मोगराच्या बाजूनं. पण मेलमध्ये नाही, फोनवर. लिहिलेलं वाक्य दहा जण दहा प्रकारे वाचतात.

खडूकाका, तुम्ही एक गोष्ट सोडलीत. पत्र आलं आणि यांनी लगेच राजीनामा दिला असं तुम्ही धरून चाललाय. पण आजकालच्या ऑफरपत्रात खाली अट असते की पार्श्वभूमीची पडताळणी समाधानकारक झाल्यास ही ऑफर लागू. माणूस अकरा वर्षं परदेशात असेल तर ती पडताळणी आठवड्यात होत नाही. जुनी कंपनी बंद झालेली असते, विद्यापीठ सुट्टीवर असतं, पोलिसांचा दाखला मागवावा लागतो. मी तीन आठवड्यांपासून सात आठवड्यांपर्यंत गेलेलं पाहिलंय. पत्र २४ जूनला आलं, पडताळणी ऑगस्टात संपली, आणि मधे ३० जूनला यांनी राजीनामा देऊन टाकला. मग?

---

टाचणी | ११ जून, रात्री ९:५०

मग मी ना इथला ना तिथला. माझा इथला राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला आहे. राजीनामा एकदा दिला की मागे घेणं साहेबांच्या मर्जीवर.

म्हणजे ३० जून गाठायची तर पडताळणी आत्ताच सुरू व्हायला हवी?

---

गवाक्ष | ११ जून, रात्री १०:२०

हो, आणि ते तुम्ही मागू शकता. बहुतेक उमेदवार मागतच नाहीत, कारण त्यांना वाटतं हा कंपनीचा क्रम आहे. तुमच्या लेखी संमतीवर पदव्या, आधीच्या नोकऱ्या, पत्ते यांची तपासणी ऑफरच्या आधी सुरू करायला बऱ्याच ठिकाणी तयार असतात. खर्च त्यांचा, त्यामुळे कधी कधी नाही म्हणतात, पण विचारल्यानं ऑफर जात नाही.

एक गोष्ट मात्र ठळक लिहा: सध्याच्या कंपनीशी संपर्क राजीनाम्यानंतरच. मी स्वतः पाहिलंय, तपासणी करणाऱ्या संस्थेनं रकान्यात दिसलेल्या नंबरवर थेट फोन लावला आणि साहेबांना त्यांच्याकडूनच कळलं.

---

जुनाखडू | ११ जून, रात्री १०:४०

बाईसाहेब, मान्य, ते सुटलंच होतं माझ्याकडून. पण मग सध्याच्या कंपनीची तपासणी राहिलीच, आणि तेवढी अट पत्रावर राहणार. टाचणीराव, तेवढ्यापुरतं त्यांच्याकडून लिहून घ्या की पगाराच्या पावत्या, करार आणि कराची कागदं दाखवल्यावर ती अट तात्पुरती पुरी धरली जाईल. काही कंपन्या लिहून देतात. काही देत नाहीत. न दिल्यास तो धोका तुमचा तुम्हीच तोलायचा.

आणि ३० ही शेवटची तारीख धरू नका. कागद हातात पडला पाहिजे म्हणता ना? मग २६ जून, शुक्रवार, ही राजीनाम्याची तारीख. दोन दिवस पत्र वाचायला, एखादं कलम बदलून घ्यायला. म्हणजे पत्र बुधवारी, २४ जूनला हातात हवं.

---

टाचणी | १२ जून, रात्री १२:१५

पुन्हा लिहिला. बायकोनं वाचून "हं" म्हटलंय, म्हणजे पास.

विषय: रुजू होण्याची तारीख, आधी सांगितलेल्या कालावधीत दुरुस्ती

"२८ मेच्या बोलण्यात मी दोन महिने म्हणालो होतो आणि फॉर्ममध्ये ६० दिवस भरले होते. करार तपासल्यावर लक्षात आलं की ते चुकीचं होतं. माझी नोटीस तीन महिन्यांची आहे आणि ती महिनाअखेरीसच संपते.

मी सोमवार, ५ ऑक्टोबरला तुमच्या ऑफिसात रुजू होऊ शकतो. त्यासाठी ऑफरपत्र बुधवार, २४ जूनपर्यंत मिळणं आवश्यक आहे, कारण जूनमध्ये राजीनामा पोहोचला तरच माझा शेवटचा दिवस ३० सप्टेंबर येतो. पत्र जुलैमध्ये मिळाल्यास हीच तारीख सोमवार, २ नोव्हेंबर होईल.

वेळ वाचावा म्हणून पडताळणी आत्ताच सुरू करता येईल का? संमतीपत्र आणि कागदपत्रं आज पाठवू शकतो. सध्याच्या कंपनीशी संपर्क मात्र राजीनाम्यानंतरच व्हावा अशी विनंती.

फॉर्ममधला ६० हा आकडा कृपया बदलावा. पुढच्या बोलण्यासाठी मी रोज तुमच्या घड्याळानुसार दुपारी १ ते ३ मोकळा आहे."

दोन शंका. ६० च्या जागी किती सांगू? आणि "आमचं परतायचं नक्कीच आहे, तुमच्याकडे झालं नाही तरी वर्षाअखेरीस आम्ही येणारच" ही ओळ घालू का? खरी आहे.

---

गवाक्ष | १२ जून, सकाळी ९:३०

आता उचलायला ओळ सापडली: "५ ऑक्टोबर, पत्र २४ जूनपर्यंत दिल्यास." विभागप्रमुखालाही तेवढीच पुरते.

६० च्या जागी ९७. ३० जून ते ५ ऑक्टोबर. आजपासून मोजून ११५ लिहू नका, दर आठवड्याला तो आकडा खोटा पडेल.

शेवटची ओळ घाला. मला आवडेल वाचायला. येणार की नाही ही शंकाच मिटते.

---

सुसाट | १२ जून, सकाळी ९:४५

अजिबात घालू नका! पगाराचं बोलणं अजून बाकी आहे ना? तुम्ही येणारच हे कळलं की त्यांना जास्त द्यायची गरजच काय? या बाबतीत माझं ऐका.

---

जुनाखडू | १२ जून, सकाळी ११:००

या बाबतीत सुसाट चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. मी जेव्हा उमेदवार होतो तेव्हा ती ओळ लिहिली आणि मला कमी मिळालं असा माझा संशय आहे. सिद्ध करता येत नाही. आणि खुर्चीच्या या बाजूला आल्यापासून मला ती ओळ वाचायला आवडते. दोन्ही खरं आहे, काय करणार.

---

बंब्या | १२ जून, दुपारी २:१०

दुपारी १ ते ३ त्यांच्या घड्याळात लिहिलंत ते बरं केलंत. मी एकदा माझ्या वेळेनं "सकाळी ९" लिहिलं होतं. त्यांनी त्यांच्या सकाळी ९ वाजता फोन केला. पहाटेची वेळ, मी बनियनवर.

---

टाचणी | १२ जून, रात्री ८:००

पाठवला. "येणारच" ही ओळ वगळली, फोनवर विचारलं तर सांगेन. ९७ लिहिलं.

---

टाचणी | १७ जून, रात्री ११:००

उत्तर आलं, म्हणून वर आणतोय.

बाईंनी पहिल्याच ओळीत लिहिलंय, "५ ऑक्टोबर आम्हाला चालेल, वेळेत दुरुस्त केल्याबद्दल आभार." पडताळणी सोमवारपासून सुरू झाली. पदवी आणि पहिल्या दोन नोकऱ्या होतील म्हणतात. मधली एक कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली आहे, तिथे कुणाला विचारायचं ते त्यांनी मलाच विचारलंय. तिथल्या जुन्या सहकाऱ्याला निरोप टाकलाय.

घोळ वेगळाच आहे. त्यांच्याकडे ऑफरला सही करणारे साहेब २३ ते २५ बाहेरगावी आहेत. पत्र "२६ ला सकाळी, फार तर २९ ला" मिळेल म्हणतात. २९ म्हणजे सोमवार. ३० ला कागद माझ्या इथल्या साहेबांच्या हातात द्यायचा.

---

मोगरा९ | १७ जून, रात्री ११:२५

२९ ला पत्र आलं आणि त्यात काही बदलून हवं असेल तर?

---

टाचणी | १७ जून, रात्री ११:५०

तर २ नोव्हेंबर. मेलमध्ये तेही लिहिलेलंच आहे, त्यामुळे निदान नव्यानं तोंड लपवायला नको.

पत्राचा कच्चा मसुदा सहीशिवाय आधी पाठवा, म्हणजे वाचून ठेवता येईल, असं आत्ताच विचारलंय.

---

गवाक्ष | १८ जून, सकाळी ९:०५

मसुदा देतील. आणि मसुद्यात रुजू होण्याची तारीख आधी बघा. तिथे ऑगस्ट दिसला तर समजा की ६० अजून कुणी बदललेला नाही.

---

टाचणी | १९ जून, रात्री १०:१०

मसुदा आला. रुजू होण्याची तारीख: २८ ऑगस्ट.

मेल टाकला, आणि यावेळी फोनही केला. बाई हसल्या, म्हणाल्या प्रणालीतून आपोआप भरलं गेलं, अंतिम पत्रात ५ ऑक्टोबरच येईल. फोनवरच कुटुंबाचंही सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "डिसेंबरची रजा आत्ताच नोंदवून ठेवूया." सध्याच्या कंपनीच्या पडताळणीबद्दल मात्र "विधी विभागाला विचारते" यापुढे अजून काही नाही.

राजीनामा छापून ठेवलाय. तारखेची जागा कोरी आहे.